मुदतीआधी तीन करार मोडले, त्याचा हिशेब

३ फेब्रुवारीला नव्या नोकरीचं पत्र आलं. १ एप्रिलपासून दुसऱ्या शहरात रुजू व्हायचं होतं. आनंदाचा पहिला तास सरल्यावर मी कागदावर बंद करायच्या गोष्टींची यादी केली. तिच्यात तीन नावं होती: घरचा ब्रॉडबँड, जिम आणि फोटो-डिझाइनचं सॉफ्टवेअर. तिन्हींचे पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जायचे. महिन्याला पैसे भरतोय म्हणजे महिन्याच्या नोटिशीवर बंद होईल, असं मी गृहीत धरलं होतं. पैसे महिन्याला गेले तरी करार वर्षाचा किंवा दीड वर्षाचा असू शकतो, हे त्या आठवड्यात शिकले.

हे सगळं मिटायला ४ मे उजाडला. मधल्या तीन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितेय.

आकड्यांबद्दल एक खुलासा आधीच करते. प्रत्येकाचा प्लॅन वेगळा आणि रकमा वेगळ्या, त्यामुळे माझे खरे आकडे देऊन कुणाला फायदा नाही. तिन्ही ठिकाणी माझी महिन्याची फी १०० होती असं धरते आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात देते. तुमची फी घालून पाहिलीत की तुमचा हिशेब तयार.

पहिला फोन अर्थातच ब्रॉडबँडला, २० फेब्रुवारीला. मधले सतरा दिवस मी काय केलं? काही नाही. 'करू या आठवड्यात' असं म्हणत राहिले. नोटीस ३० दिवसांची असल्याने एवढ्या चालढकलीनंतरही वेळेत बसले, पण जेमतेम.

माझा साधा हिशेब असा होता. कनेक्शन गेल्या वर्षी १२ जूनला सुरू झालं, लॉक-इन १८ महिन्यांचं, म्हणजे या ११ डिसेंबरला संपणार. ३१ मार्चला सोडलं तर आठेक महिने उरतात. त्याचं काहीतरी भरावं लागेल, याला माझी तयारी होती.

कस्टमर केअरच्या मुलाने दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, सतराशे नव्वद."

"कशाचे?"

"अर्ली टर्मिनेशनचे. चौदा महिने बाकी आहेत तुमचे."

मी पुन्हा बोटं मोजली. चौदा कुठून येणार? मी तारीख विचारली, तर तो म्हणाला की सिस्टिममध्ये लॉक-इन २० ऑक्टोबरपासून दिसतंय. तेव्हा आठवलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीचा फोन आला होता: 'तुम्ही आमचे चांगले ग्राहक आहात, त्याच भाड्यात वेग दुप्पट करून देतो.' मी स्वयंपाक करता करता 'हो, द्या' म्हणाले होते. त्या एका 'हो'ने अठरा महिन्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं होतं.

वेग वाढवणं, प्लॅन बदलणं, नवा राउटर घेणं, सवलत 'पुढे चालू ठेवणं' यांपैकी कशानेही मुदत नव्याने सुरू होऊ शकते. असा फोन आला तर एकच प्रश्न विचारायचा: 'याने माझी लॉक-इनची शेवटची तारीख बदलते का?' उत्तर मेलवर मागायचं. मी हे विचारलं नव्हतं.

फोनवर वाद घालून काही होत नाही. त्या मुलाच्या समोर जो आकडा दिसतो तोच तो वाचतो. मी त्याला एवढंच म्हटलं की हा आकडा कसा आला ते ओळीओळीने मेल करा, आणि आजच्या तारखेची नोटीस नोंदवून तिचा रिक्वेस्ट नंबर द्या. नंबर लगेच मिळाला. मेल '४८ तासांत' येणार होता, तो पाचव्या दिवशी आला. नोटिशीची तारीख मात्र २० फेब्रुवारीच राहिली. पैशांवरून भांडण चालू असलं तरी नोटीस आधी देऊन ठेवावी, कारण वाद मिटेपर्यंत थांबलो तर तेवढे दिवस नोटीसच सुरू होत नाही.

मेलमध्ये तीन ओळी होत्या. उरलेले १४ महिने गुणिले १००, म्हणजे १४००. माफ केलेला इन्स्टॉलेशन चार्ज १५०. राउटरची किंमत २४०. बेरीज १७९०.

त्या रात्री मी मेलबॉक्समधून गेल्या जूनमधलं स्वागताचं पत्र शोधून काढलं. त्याला नियम-अटींची पीडीएफ जोडलेली होती, बावीस पानांची, मी कधीही न उघडलेली. मग वेबसाइटवरच्या अटी उघडून दोन्ही शेजारी ठेवल्या. शीर्षक तेच आणि कलमांचे क्रमांकही तेच, पण मजकूर वेगळा. जूनच्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं: मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या काळाच्या भाड्याच्या ६० टक्के, दिवसांच्या हिशेबाने, माफ केलेला इन्स्टॉलेशन चार्ज उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात, राउटर चालू स्थितीत परत केल्यास त्याचं काही नाही. वेबसाइटवरच्या अटींत ६० टक्क्यांच्या जागी 'संपूर्ण भाडे' होतं आणि 'प्रमाणात' हा शब्द गायब होता. ऑक्टोबरच्या अपग्रेडने माझी तारीख तर बदललीच होती, शिवाय मला नव्या अटींखालीही नेलं होतं.

६० टक्केच का, असा प्रश्न मला पडला होता. आधी वाटलं, कंपनीने दिलदारपणा केलाय. तसं नाही. ग्राहक गेला की कंपनीचं उरलेल्या महिन्यांचं भाडं बुडतं, पण त्याबरोबर त्या ग्राहकावरचा खर्चही वाचतो: डेटाचा, कस्टमर केअरचा, बिलिंगचा, दुरुस्तीच्या फेऱ्यांचा. खरं नुकसान म्हणजे बुडालेलं भाडं वजा वाचलेला खर्च. शिवाय पुढच्या महिन्यांत थोडंथोडं मिळायचं ते आज एकरकमी मिळतं, त्याचाही थोडा फायदा असतो. पूर्ण भाडं मागणारा हिशेब हे दोन्ही विसरतो. इन्स्टॉलेशनचंही तसंच आहे. माझ्या मापातलं १५०चं काम कंपनीने अठरा महिन्यांत वसूल करायचं ठरवलं होतं. त्यातले साडेनऊ महिने मी भरून झाले होते. मग पुन्हा पूर्ण १५० कसे?

हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १९१४ साली डनलॉप या टायर कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हीच कसोटी लावली होती: करारात आधीच लिहून ठेवलेली रक्कम हा संभाव्य नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे, की समोरच्याला धाकात ठेवण्यासाठीचा दंड? (त्या खटल्यात रक्कम टिकली, हेही सांगायला हवं.) २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बदलली. आता रक्कम कंपनीच्या रास्त हिताच्या मानाने अगदीच बेसुमार आहे का, हे पाहिलं जातं. युरोपियन युनियनच्या २०१८च्या दूरसंचार नियमांत ग्राहकाची बांधिलकी २४ महिन्यांपुढे नेता येत नाही, आणि सवलतीत दिलेलं उपकरण ग्राहकाने ठेवून घेतलं तर त्याची उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातली किंमत किंवा उरलेलं भाडं, यांतलं जे कमी तेवढंच मागता येतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि हे दाखले देऊन कस्टमर केअरशी भांडता येत नाही. पण मला त्यातून प्रश्न कसा विचारायचा ते कळलं. 'हे फार जास्त आहे हो' याऐवजी 'यातला कुठला आकडा तुमच्या कुठल्या नुकसानीचा आहे?' असं विचारायचं.

पीडीएफ वाचताना आणखी एक घोळ सापडला. त्यांनी उरलेले महिने २० फेब्रुवारीपासून, म्हणजे नोटिशीच्या दिवसापासून मोजले होते. पण माझी सेवा ३१ मार्चपर्यंत चालू राहणार होती आणि त्या दिवसांचं भाडं नेहमीच्या बिलात लागणारच होतं. म्हणजे जवळजवळ चाळीस दिवसांचे पैसे दोनदा. उरलेली मुदत नेहमी सेवा बंद होण्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची.

मग मी स्वतः हिशेब मांडला. १ एप्रिल ते ११ डिसेंबर, २५५ दिवस. रोजचं भाडं म्हणजे १२०० भागिले ३६५, साधारण ३.२९. २५५ दिवसांचं भाडं ८३८. त्याच्या ६० टक्के ५०३. इन्स्टॉलेशन: एकूण लॉक-इन ५४८ दिवसांचं, त्यातले २५५ उरलेले, म्हणून १५० गुणिले २५५ भागिले ५४८, म्हणजे ७०. राउटर परत करणार, त्याचे शून्य. एकूण ५७३.

१७९० आणि ५७३. दोन्ही आकडे एकाच कनेक्शनचे.

२६ फेब्रुवारीला मी तक्रार विभागाला मेल केला. तिरकस वाक्यं लिहून झाली होती, ती खोडली. शेवटी चारच गोष्टी राहिल्या. एक, माझा करार जूनचा, पीडीएफ सोबत जोडली आहे. दोन, ऑक्टोबरमध्ये नवी मुदत सुरू झाली असं तुमचं म्हणणं असेल तर मला ती मुदत सांगितल्याचा आणि मी ती मान्य केल्याचा पुरावा पाठवा, कॉलचं रेकॉर्डिंग किंवा लेखी संमती. तीन, अपग्रेडनंतर तुमच्याकडून आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट, ज्यात 'वेग वाढवला आहे, भाडे तेच राहील' एवढंच आहे आणि मुदतीचा शब्दही नाही. चार, माझा ५७३चा हिशेब.

सात दिवसांनी उत्तर आलं: 'आपला प्रश्न सोडवण्यात आला आहे.' सोबत तोच १७९०चा आकडा. तक्रार आपोआप बंदही झाली होती. त्या दिवशी मी खरंच हताश झाले. भरून टाकावेत आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. बहुतेक जण याच पायरीवर भरून टाकत असणार.

पण त्याच मेलच्या तळाशी बारीक अक्षरात अपील अधिकाऱ्याचा पत्ता होता. ५ मार्चला तोच मजकूर तिथे पाठवला. वर एकच वाक्य जोडलं: 'तक्रारीतल्या मुद्दा क्रमांक दोनचं उत्तर मिळालेलं नाही.' १८ मार्चला एका बाईंचा फोन आला. त्यांनी पीडीएफ खरोखर उघडून पाहिली होती, कारण त्या पान क्रमांक सांगून बोलत होत्या. रेकॉर्डिंग मिळालं का, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'विशेष बाब म्हणून' लॉक-इनची मूळ तारीख धरतो, एवढंच म्हणाल्या. मूळ तारीख धरली की मूळ अटीही आल्या. माझं २५५ दिवसांचं गणित त्यांनी फोनवरच कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचशे त्र्याहत्तर, बरोबर आहे." मी ते मेलवर मागितलं. संध्याकाळी आलं.

नव्या शहरात या कंपनीची सेवा असती तर कनेक्शन हलवून हे सगळं टळलं असतं. नव्हती. काही करारांत नव्या पत्त्यावर सेवा देता येत नसेल तर शुल्क माफ असतं. माझ्या करारात तसं कलम नव्हतं, मी तीनदा शोधलं.

सॉफ्टवेअरचं प्रकरण याच्या अगदी उलट, शांत. तिथे कुणाशी बोलावंच लागलं नाही. प्लॅनचं नाव होतं 'वार्षिक, दरमहा भरणा'. ९ सप्टेंबरला घेतला होता. नियम सरळ: पहिल्या १४ दिवसांत रद्द केला तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या ५० टक्के. सेटिंग्जमध्ये जाऊन 'रद्द करा' दाबलं की शेवटच्या पुष्टीआधी आकडा दिसतो. मी २१ फेब्रुवारीला तिथपर्यंत जाऊन परत आले. आकडा ३०० होता: सहा हप्ते गेलेले, सहा उरलेले, त्यांचे निम्मे.

नव्या नोकरीत हेच सॉफ्टवेअर ऑफिसचं मिळणार होतं, पण मार्च अखेरपर्यंत हातात दोन कामं होती. मग कधी रद्द करायचं? एक महिना थांबलं की १०० भरायचे आणि शुल्क ५०ने कमी व्हायचं. म्हणजे एक महिना वापरण्याची खरी किंमत मला ५० पडत होती. ते परवडत होतं. पण दिवस चुकला तर पंचाईत. हप्ता दर महिन्याच्या ९ तारखेला जायचा. ९ मार्चचा हप्ता भरून ८ एप्रिलपर्यंत वापर झाला असता. १० एप्रिलला रद्द केलं असतं तर आणखी एक हप्ता गेला असता. म्हणून ७ एप्रिलची आठवण फोनमध्ये लावली आणि त्या दिवशी रद्द केलं. उरलेले पाच हप्ते, ५००चे निम्मे, २५०.

इथे दोन बटणांची गल्लत होऊ शकते. 'नूतनीकरण बंद करा' दाबलं की करार मोडत नाही. वर्ष संपेपर्यंत हप्ते जातच राहतात, फक्त पुढचं वर्ष सुरू होत नाही. मला करार मोडायचा होता. ज्याला वर्ष संपेपर्यंत वापर हवाच आहे त्याच्यासाठी पहिलं बटण बरोबर आहे.

२५० देताना जिवावर आलं, तेव्हा मनाच्या समाधानासाठी आणखी एक गणित केलं. याच सॉफ्टवेअरचा बंधन नसलेला मासिक प्लॅन १५०चा होता. मी सात महिने वापरलं. मासिक प्लॅनवर १०५० गेले असते. माझे गेले ७०० अधिक २५०, म्हणजे ९५०. शुल्क भरूनही मी शंभराने फायद्यात होते! गणित थोडं पुढे नेलं तर कळतं की सहा महिन्यांवर दोन्ही बरोबरीत येतात: तिकडे १५० गुणिले सहा, ९००, इकडे सहाशे भरलेले आणि उरलेल्या सहाशेचे निम्मे, तेही ९००. सहा महिन्यांआधी सोडणार असाल तर मासिक प्लॅन स्वस्त, नंतर सोडणार असाल तर वार्षिक प्लॅन मध्येच मोडणंही स्वस्त. हे घेतानाच करायला हवं होतं. घेताना मी फक्त १०० आणि १५० बघितलं होतं.

आता जिम. इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या.

१ ऑक्टोबरपासून बारा महिन्यांचा करार. डिसेंबरमध्ये घोटा मुरगळला म्हणून एक महिना फ्रीझ करून घेतला होता. फी लागली नाही, मी खूश. फेब्रुवारीत काउंटरवरच्या मॅनेजरने सांगितलं की फ्रीझचा महिना मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे करार सप्टेंबरऐवजी ऑक्टोबर अखेर संपेल. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, म्हणजे ७००. फ्रीझ म्हणजे सुट्टी नव्हे, मुदत पुढे ढकलणं.

बाहेर पडायचे दोन रस्ते करारात होते. पहिला, सवलत परत करायची. बंधन नसलेली फी १४० आणि माझी १००. वापरलेल्या प्रत्येक महिन्यामागे ४० परत. पाच महिने वापरलेले, म्हणून २००. दुसरा, गाव बदलल्याचा पुरावा दिला तर फक्त ३० दिवसांची नोटीस.

पहिल्या रस्त्याची एक गंमत मला फार उशिरा लक्षात आली. उरलेल्या महिन्यांचं शुल्क दर महिन्याला घटत जातं, पण सवलत परत करण्याचं शुल्क दर महिन्याला वाढत जातं, कारण सवलत साठत जाते. ब्रॉडबँड आणि सॉफ्टवेअरमध्ये थांबलं तर शुल्क उतरत होतं. इथे थांबलं तर चढत होतं. तिसऱ्या महिन्यात सोडणाऱ्याला १२० पडतात, अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याला ४४०, जेव्हा एकच महिना उरलेला असतो आणि तो नुसता भरून टाकला तर १००! म्हणून शुल्काचा आकडा विचारण्याआधी तो कशावर मोजतात ते विचारावं: उरलेल्या काळावर की गेलेल्या काळावर.

मी दुसरा रस्ता धरला. २२ फेब्रुवारीला नोकरीचं पत्र दिलं. मॅनेजर म्हणाला, "ताई, हे नोकरीचं झालं. मला नव्या घराच्या पत्त्याचं काहीतरी लागेल." नवं घर अजून ठरलंच नव्हतं. नोटीस पुरावा दिल्याच्या दिवसापासून मोजणार, असं करारात स्पष्ट होतं. मी हुज्जत घातली, पण कलम त्याच्या बाजूने होतं.

दादा म्हणाला, "एवढं काय, बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद कर. पैसे मिळाले नाहीत की आपोआप गप्प बसतील." मोह झाला होता. पण ऑटो-डेबिट ही फक्त पैसे जायची नळी आहे. ती बंद केली तर करार संपत नाही, आपण थकबाकीदार होतो. मग विलंब शुल्क लागतं, वसुलीवाल्यांचे फोन येतात, आणि गाव बदलल्याचं सवलतीचं कलमही हातचं जातं, कारण ते 'थकबाकी नसलेल्या' सभासदांनाच लागू होतं. दादाला ते कलम वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "हे वाचतं कोण?" मीही नव्हतंच वाचलं.

नव्या घराचा भाडेकरार ९ एप्रिलला हातात आला, त्याच दिवशी मेल केला. नोटीस ९ मेपर्यंत. एप्रिलचे १०० आणि मेच्या नऊ दिवसांचे २९, एकूण १२९. त्या काळात एक दिवसही जिममध्ये पाऊल टाकलं नाही, तरी २००पेक्षा कमीच गेले. मेची फी मात्र १ तारखेला पूर्ण कापली गेली आणि ७१ परत मागावे लागले. दोन दिवसांत आले.

जिमच्या लांब करारांबद्दल २०११ साली लंडनच्या उच्च न्यायालयात एक निकाल झाला होता. तिथल्या ग्राहक यंत्रणेने जिमचे करार चालवणाऱ्या एका कंपनीवर खटला भरला होता. माणसं आपण किती दिवस जिमला जाऊ याचा अंदाज नेहमी वाढवून करतात, आणि या धंद्याचं गणित त्याच चुकीवर उभं आहे, असं न्यायालयाने म्हटलं, आणि बारा महिन्यांहून लांबची बांधिलकी अन्याय्य ठरवली. हे वाचताना माझा ऑक्टोबर आठवला. मी चोवीस महिन्यांचा प्लॅन घेता घेता राहिले होते, 'दरमहा स्वस्त पडतो' म्हणून.

शेवटचा घोळ राउटरचा. ३० मार्चला त्यांचा माणूस राउटर न्यायला आला. घरभर खोकी पसरलेली. राउटर भिंतीवरून काढून मी टेबलावर ठेवला, तो म्हणाला, "अॅडॉप्टर?" ते सापडेना. तीन खोकी उघडली. शेवटी ते मिक्सरच्या डब्यात निघालं, कारण दोन्हींची वायर काळी म्हणून मीच एकत्र कोंबली होती. तो गेला असता तर राउटर 'अपूर्ण' म्हणून नोंदला जाऊन पूर्ण २४० लागले असते. त्याला मी दोन मिनिटं थांबवलं, राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढला, आणि त्याच्या पावतीवर तोच नंबर हाताने लिहून घेतला. पावतीवर मुळात फक्त 'एक नग उपकरण' एवढंच छापलं होतं.

२८ एप्रिलला अंतिम बिल आलं. ५७३, आणि खाली 'उपकरण प्राप्त नाही: २४०'.

या वेळी राग आला नाही, कारण फोटो होता. फोटो, पावती आणि अपील विभागाचा मेल एकत्र जोडून पाठवलं. ४ मेला दुरुस्त बिल आलं, ५७३चं. मी त्याच दिवशी भरलं आणि 'कोणतीही थकबाकी नाही' असं पत्र मागून घेतलं. ते मागितल्याशिवाय देत नाहीत. ते पत्र, जूनची पीडीएफ आणि त्या स्टिकरचा जरासा हललेला फोटो, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवलेत.

नव्या घरी ब्रॉडबँड घेताना विक्रीच्या मुलीला मी लॉक-इनची शेवटची तारीख लिहून द्यायला सांगितली. "बारा महिने आहे की," ती म्हणाली. मी म्हटलं, महिने नकोत, तारीख द्या. तिला ती सिस्टिममध्ये शोधायला दहा मिनिटं लागली.